सोसायटीच्या सभेची नोटीस किरायदारांना इंग्रजीत देणे आणि ठरावांचे छोटे इतिवृत्त लिहिणे: कोणाला, कशी, कोणत्या कागदांवरून

मिहान आणि वर्धा रोडच्या बाजूने उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीममध्ये आता तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी किरायदार भरपूर आहेत. सभेची नोटीस मात्र फलकावर मराठीत लागते आणि टाकी कधी धुणार, गाडी कुठे लावायची हे त्यांना चौकीदाराकडून कळते. सचिवाने नोटिशीची एक इंग्रजी प्रत आणि सभेनंतर निर्णयांचे एक पान दिले तर हा प्रश्न मिटतो. काम तासाभराचे आहे. मात्र इंग्रजी प्रतीत एखादे वाक्य चुकले तर सभेच्या वैधतेवरच बोट ठेवले जाऊ शकते, म्हणून ते नीट करावे लागते.

सुरुवातीला एक गोष्ट तपासा. नागपुरात बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत. बोलताना आपण सगळ्यांनाच सोसायटी म्हणतो, पण त्यांची सभा त्यांच्या घोषणापत्रातल्या नियमांप्रमाणे चालते. पुढची माहिती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या आणि आदर्श उपविधी स्वीकारलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. आपली इमारत कोणत्या प्रकारात येते हे नोंदणी प्रमाणपत्रावर दिसते.

पात्रता: नोटीस कोणाची, मत कोणाचे

सर्वसाधारण सभेची नोटीस सभासदाला द्यायची असते. किरायदार सभासद नसतो, त्यामुळे त्याला मत नाही आणि त्याची हजेरी कोरममध्ये धरली जात नाही. मालक पुण्याला किंवा परदेशात असला आणि त्याने किरायदाराच्या हाती अधिकारपत्र पाठवले, तरी आदर्श उपविधींप्रमाणे ते चालत नाही. सर्वसाधारण सभेला प्रतिनिधी किंवा मुखत्यारपत्रधारक बसू शकत नाही. म्हणजे किरायदाराला दिलेली इंग्रजी प्रत ही फक्त माहिती असते. मालकाला द्यायची मूळ नोटीस त्यामुळे टळत नाही. ती त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर वेगळी गेलीच पाहिजे. इथे बरेच सचिव गफलत करतात. फ्लॅटच्या दारात इंग्रजी कागद सरकवतात आणि मालकालाही कळले असेल असे धरून चालतात.

समोर कोणते कागद हवेत

सचिवाची सही असलेली मूळ नोटीस विषयपत्रिकेसह, मागच्या सभेचे इतिवृत्त आणि ‘जे’ (J) नमुन्यातील सभासद यादी काढून ठेवा. कोणत्या फ्लॅटमध्ये किरायदार आहेत हे मालकांनी सोसायटीत जमा केलेल्या भाडेकराराच्या प्रतींवरून कळते. सभेनंतर हजेरीपट आणि सभेत घेतलेली कच्ची टिपणे लागतील. इंग्रजी प्रतीला नोटरी किंवा शिक्क्याचा भाषांतरकार लागत नाही. सोसायटीतल्या कोणीही, अगदी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनेही ती लिहिली तरी हरकत नाही. सचिवाने मात्र मूळ नोटिशीशी ओळ न् ओळ ताडून पाहून मगच ती द्यावी.

नोटीस इंग्रजीत करताना

एक उदाहरण घेऊ. मनीषनगरकडची 36 फ्लॅटची सोसायटी, त्यातले 11 फ्लॅट किरायाने दिलेले. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ती रविवार, 27 सप्टेंबर 2026 रोजी सकाळी 10 वाजता स्टिल्ट पार्किंगमध्ये ठरली. वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते, आणि त्यात नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. म्हणजे नोटीस उशिरात उशिरा 12 सप्टेंबरला निघाली पाहिजे. इंग्रजी प्रतीवर मूळ नोटिशीचीच तारीख घाला. ती 15 तारखेला टाइप झाली म्हणून तिच्यावर 15 लिहिले, तर पुढे नाराज सभासद तोच कागद दाखवून नोटीस कमी दिवसांची होती म्हणेल.

नोटिशीच्या तळाशी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत हे वाक्य असते: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कोणी ‘तहकूब’साठी कॅन्सल्ड लिहितो, कोणी पोस्टपोन्ड. वाचणाऱ्याला वाटते, सभा झालीच नाही. योग्य शब्द ॲडजर्न्ड आहे आणि त्याच्या पुढे वेळ लिहायलाच हवी: द मीटिंग विल स्टँड ॲडजर्न्ड टू 10.30 ए.एम. ऑन द सेम डे, ॲट द सेम प्लेस. नो कोरम विल बी रिक्वायर्ड देन. उपविधींप्रमाणे कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी असेल तो आकडा. 36 सभासदांचे दोन तृतीयांश 24 होतात, म्हणून इथे कोरम 20 चा.

दुसरी काळजी ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ या ओळीची. ती ऑल रेसिडेंट्स अशी गेली की किरायदार बिचारे रविवारची सकाळ सोडून येतात, हजेरीपटावर सही करतात आणि मोजताना तेही धरले जातात. सभा सुरू करण्याआधी हजेरीपटावरची नावे जे नमुन्याच्या यादीशी जुळवली तर हे लगेच लक्षात येते. तिथे मेंबर्स हाच शब्द ठेवा आणि खाली वेगळी ओळ द्या की ही प्रत किरायदारांच्या माहितीसाठी आहे, काही अडचण मांडायची असेल तर मालकामार्फत लेखी द्यावी, आणि अर्थाबद्दल वाद झाल्यास मूळ मराठी नोटीस ग्राह्य धरली जाईल. समितीला किरायदारांचे म्हणणे ऐकायचे असेल तर सभेआधी त्यांना वेगळे बोलवावे. माझ्या मते तो उत्तम मार्ग आहे, कारण पाण्याचा आणि लिफ्टचा त्रास रोज सोसणारे तेच असतात.

विषयपत्रिकेतला एकही विषय गाळू नका. हिशेबपत्रके किंवा लेखापरीक्षकाची नेमणूक किरायदाराला कामाची नसली, तरी क्रमांक बदलले की नंतर ‘विषय क्रमांक 5’ म्हणजे नेमका कोणता यावर घोळ होतो. असे विषय एका ओळीत द्या. टाकी, पार्किंग, कूलर हे दोन ओळींत सोप्या शब्दांत द्या.

निर्णयांचे छोटे इतिवृत्त

सभेत कोण काय म्हणाले हे छोट्या इतिवृत्तात येत नाही. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत आणि खर्च कोणाचा, एवढेच त्यात असावे. वरच्या उदाहरणातल्या सभेला दहा वाजता 9 सभासद आले, साडेदहाला 14 झाले. तिचे टिपण असे होईल:

> वार्षिक सर्वसाधारण सभा, 27 सप्टेंबर 2026, स्टिल्ट पार्किंग. सकाळी 10 वाजता 9 सभासद हजर. कोरम 20 नसल्याने सभा तहकूब. 10.30 वाजता त्याच ठिकाणी पुन्हा सुरू, 14 सभासद हजर. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष.
>
> विषय 4. गच्चीवरच्या दोन्ही टाक्या रविवार, 11 ऑक्टोबर रोजी धुण्यात येतील. सकाळी 9 ते दुपारी 4 पाणी बंद. जबाबदारी: सचिव. खर्च देखभाल निधीतून. एकमताने मंजूर.
>
> विषय 5. खिडकीतल्या प्रत्येक कूलरच्या ओव्हरफ्लोला पाइप लावून तो खालच्या नालीपर्यंत नेणे, 15 मार्च 2027 पूर्वी. खर्च फ्लॅटमालकाचा. बाजूने 12, विरोधात 2. मंजूर.
>
> विषय 6. किरायाने दिलेल्या फ्लॅटवर भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्के, ऑक्टोबरच्या बिलापासून. बिल मालकाच्या नावाने. एकमताने मंजूर.

तहकुबीची ओळ गाळायचा मोह होतो, कारण ती किरकोळ वाटते. पण ती नसेल तर 14 जणांनी 36 जणांवर निर्णय लादला असे वाचले जाते आणि त्याला उत्तर द्यायला दुसरा कागद हाताशी नसतो. मतदान झाले असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे लिहा.

विषय 6 इंग्रजीत देताना जास्त जपा. भोगवटेतर शुल्कावर 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाची मर्यादा आहे: महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क महिना 1,400 रुपये असेल तर शुल्क फार तर 140 रुपये. हा हिशेब मासिक बिलाच्या पूर्ण रकमेवर करू नका, कारण त्या बिलात कर आणि सिंकिंग फंडही असतो. इंग्रजी टिपणात पेएबल बाय द ओनर असे स्पष्ट लिहा. नुसते ‘किरायदारांच्या फ्लॅटवर शुल्क’ असे गेले, तर पहिल्याच महिन्यात किरायदार पैसे घेऊन चौकीदाराकडे येतात.

किरायदारांना द्यायच्या पानावर 4, 5 आणि 6 एवढेच विषय पुरेत. थकबाकीदारांची नावे, एखाद्या सभासदावरची तक्रार, हिशेबावरचे आक्षेप हे त्या पानावर नकोत. ते सभासदांच्या इतिवृत्तातच राहू द्या.

हे पान अंतिम नसते

उपविधींप्रमाणे समितीने सभेपासून तीन महिन्यांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा नक्की करायचा असतो, आणि ज्या समिती-सभेत तो नक्की होतो तिच्यापासून 15 दिवसांत सभासदांना पाठवायचा असतो. सभासदांना हरकती कळवायला आणखी 15 दिवस मिळतात. त्या विचारात घेऊन समिती पुढच्या सभेत अंतिम इतिवृत्त तयार करते आणि ते इतिवृत्त पुस्तकात नोंदले जाते. म्हणून इंग्रजी पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘ड्राफ्ट’ आणि तारीख लिहा. टाकी धुण्यासारखे काम त्यासाठी थांबत नाही. त्याचे पान सभेनंतर दोन-तीन दिवसांत दारोदारी गेले पाहिजे, नाहीतर 11 ऑक्टोबरला नळ कोरडा पाहून लोक सचिवाची बेल वाजवतील.

किरायदाराला एखादा निर्णय चुकीचा नोंदला गेला असे वाटले, तर त्याने या 15 दिवसांत मालकाला सांगावे आणि मालकाने सचिवाला लेखी कळवावे. अंतिम इतिवृत्तात तारीख, रक्कम किंवा मुदत बदलली तर इंग्रजी पानही नव्याने काढा, त्यावर ‘सुधारित’ लिहा आणि फलकावरचे जुने पान काढून टाका.