पल्पायटिस: व्हायवातल्या उत्तरामागचा इतिहास

बीडीएसच्या शेवटच्या वर्षी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पल्पायटिसचा, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याच्या (पल्पच्या) दाहाचा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तराचा क्रमही ठरलेला असतो: प्रकार, लक्षणे, पल्पच्या चाचण्या, उपचार. मुलं हा क्रम पाठ करतात. पण हे प्रकार नेमके याच नावांनी का ओळखायचे, असं परीक्षकाने विचारलं की गाडी अडते. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

जुन्या पुस्तकांत पल्पायटिसची वर्गवारी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चित्रावर बेतलेली होती. तीव्र, जुनाट, पू झालेला, व्रण पडलेला असे प्रकार. अडचण साधी होती: दाढ रुग्णाच्या तोंडात असते, काचपट्टीवर नाही. १९६३ मध्ये सेल्ट्झर, बेंडर आणि झिऑन्ट्झ यांनी रुग्णाच्या तक्रारी आणि चाचण्यांचे निकाल नोंदवून, काढलेल्या दातांच्या पल्पशी ते ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ फारसा बसला नाही. दोनच वर्षांनी काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे पल्प उघडे पाडले. साध्या उंदरांत पल्प मेला. जंतुमुक्त उंदरांत जखमेवर नवीन डेंटिन तयार झालं. म्हणजे पल्पचं भवितव्य उघडा पडण्यापेक्षा जंतूंवर ठरतं.

पेशींचं चित्र बाहेरून कळत नाही म्हटल्यावर प्रश्न बदलला: हा पल्प वाचेल का? त्यातून रिव्हर्सिबल, म्हणजे पूर्ववत होऊ शकणारा, आणि इररिव्हर्सिबल, म्हणजे न होणारा, ही जोडी रुळली. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सने २००८ च्या परिषदेनंतर इररिव्हर्सिबलचे सिम्प्टोमॅटिक, म्हणजे लक्षणं असलेला, आणि असिम्प्टोमॅटिक, म्हणजे नसलेला, असे दोन भाग केले, आणि आज व्हायवात हीच नावं अपेक्षित असतात. लहान वयातल्या किडलेल्या दाढेतून वर येणारा, फारसा न दुखणारा पल्प पॉलिप असिम्प्टोमॅटिकमध्ये मोडतो.

आता एक रुग्ण घेऊ. सव्वीस वर्षांची बाई, खाली उजवीकडची पहिली दाढ, म्हणजे ४६, खोल किडलेली. दोन रात्री ठणक्याने झोपमोड, गोळीने तात्पुरता आराम. कोल्ड टेस्ट आधी शेजारच्या निरोगी ४७ वर करायची. ही पायरी गाळली तर पुढच्या आकड्याला अर्थ उरत नाही. दात कोरडा करून थंड फवाऱ्यात भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा. ४७ मध्ये सणक दोन सेकंदांत जाते. ४६ मध्ये ती बोळा काढल्यावरही पाऊण मिनिट टिकते. रिव्हर्सिबलमध्ये कळ थंडाबरोबर येते आणि थंड काढताच जाते. ती तीस सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त रेंगाळली, आपोआप उठली किंवा रात्री जागं करू लागली, तर कौल इररिव्हर्सिबलकडे झुकतो. ठोकून दुखत नाही, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काही नाही. निदान: सिम्प्टोमॅटिक इररिव्हर्सिबल पल्पायटिस, मुळाभोवतीच्या ऊती सामान्य.

इलेक्ट्रिक पल्प टेस्टरबद्दल एक गोष्ट ठासून सांगावी. तो रक्तप्रवाह मोजत नाही, मज्जातंतू प्रतिसाद देतो का एवढंच पाहतो. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून दाह जास्त, असा अर्थ लावायचा नाही. दाढेचं एक मूळ मेलेलं आणि दुसरं जिवंत असलं, तरी प्रतिसाद येतो. उलट मूळ अजून पूर्ण न बनलेल्या दातात पल्प धडधाकट असूनही यंत्र गप्प राहू शकतं.

उपचारात मात्र पुस्तकं मागे पडू लागली आहेत. रिव्हर्सिबलला कीड काढून फिलिंग, इररिव्हर्सिबलला रूट कॅनल, हे समीकरण बरीच वर्षं चाललं. २०१४ मध्ये रिकुची आणि सहकाऱ्यांना दिसलं की डॉक्टरांनी इररिव्हर्सिबल ठरवलेल्या दातांपैकी ८४.४ टक्क्यांत सूक्ष्मदर्शकानेही दुजोरा दिला. उरलेल्यांत पल्प वाचण्याजोगा होता. शिवाय दुजोरा मिळालेल्या दातांतही बिघाड बहुधा वरच्या भागात असतो, मुळातला पल्प बरा असू शकतो. १९९० च्या दशकात लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी पुढे आणलेलं एमटीए हे सिमेंट हाती आल्यावर हा मुळातला पल्प राखणं शक्य झालं, कारण आधीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड हळूहळू विरघळायचं आणि खालून गळती सुरू व्हायची.

म्हणून ४६ चा अंतिम निर्णय भूल देऊन, रबर डॅम लावून दाढ उघडल्यावरच होतो. वरचा पल्प पूर्ण काढून, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरायचा. पाचेक मिनिटांत सगळ्या मुळांच्या तोंडांशी रक्त थांबलं, तर वर एमटीए आणि घट्ट बसणारं फिलिंग; ही पल्पोटॉमी. दहा मिनिटांनंतरही रक्त वाहत राहिलं तर रूट कॅनल. एखाद्या मुळातून रक्तच येत नसेल तर तिथला पल्प मेलेला आहे, पुन्हा रूट कॅनलच. माझ्या मते व्हायवात दोन्ही वाटा सांगाव्यात आणि निवड रक्तावरून ठरते हे आपणहून म्हणावं. परीक्षक जुन्या वळणाचे असले तर रूट कॅनल आधी सांगा, पल्पोटॉमी मागून.

आणि अँटिबायोटिकचा उपप्रश्न येतोच. ताप नाही, सूज नाही, पल्प जिवंत आहे. इथे ते द्यायचं नाही, त्याने ठणका कमी होत नाही.