कंपनीचं क्वार्टर फुकट, पण टॅक्स लागतो: जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी हिशोब

कंपनीने राहायला घर दिलं आणि भाडं घेतलं नाही, तर त्या घराची एक किंमत धरून ती तुमच्या पगारात जोडतात आणि त्यावर टॅक्स लागतो. न्यू रिजीममध्ये पण लागतो. सरकारी नोकरांचा नियम वेगळा आहे, हे प्रायव्हेट नोकरीवाल्यांसाठी.

आता पहिला प्रश्न, घर कंपनीच्या मालकीचं आहे का कंपनीने भाड्याने घेऊन दिलंय, कारण सगळा फरक इथंच पडतो. १ सप्टेंबर २०२३ पासून मालकीच्या घराला गावाच्या लोकसंख्येप्रमाणे टक्का लागतो, २०११ च्या जनगणनेत ४० लाखांच्या वर असेल तर पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाखाला साडेसात, आणि त्याखाली ५ टक्के. आपलं जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ सगळं ५ टक्क्यातच येतं. भाड्याने घेऊन दिलेलं असेल तर मात्र गाव कुठलंही असो, कंपनी भरते ते भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, जे कमी असेल ते.

पगार म्हणजे नुसता बेसिक नाही बरं का. बोनस, कमिशन, टॅक्स लागणारे भत्ते हे पण धरतात, डीए रिटायरमेंटच्या फायद्यात मोजला जात असेल तर तोही. कंपनीचा पीएफचा हिस्सा धरत नाहीत.

समजा जळगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या एकाचा असा पगार महिना ६०,००० आहे, वर्षाचे ७,२०,०००. मालकीचं क्वार्टर असेल तर ५ टक्के म्हणजे ३६,०००. आत कंपनीने कूलर, फ्रिज, पलंग असं ८०,००० चं सामान दिलंय, त्याच्या किमतीचे वर्षाला १० टक्के म्हणजे ८,००० अजून. आणि पगारातून घराचं भाडं म्हणून महिना १,००० कापत असतील तर १२,००० वजा, राहिले ३२,०००. एवढे उत्पन्नात जोडायचे, टॅक्स तुमच्या स्लॅबने. हेच घर कंपनीने ९,००० भाड्याने घेतलं असतं तर भाडं १,०८,००० आणि १० टक्के ७२,०००, म्हणून ३६,००० च्या जागी ७२,००० धरले असते.

चूक कुठे होते तर हेड ऑफिस मुंबईचं, पेरोल तिकडेच, आणि सिस्टिममध्ये मुंबईचे १० टक्के टाकून मोकळे. टक्का घर जिथं आहे तिथला लागतो, ऑफिसचा नाही. २०२५-२६ चा फॉर्म १६ आला की सोबतचा फॉर्म १२बीए नक्की मागा, त्यात घराची ओळ असते, तिथला आकडा आणि तुमच्याकडून कापलेली रक्कम ताडून बघा. वरच्या माणसाचे तिथे भाडं वजा करण्याआधी सामानासकट ४४,००० ऐवजी ८०,००० दिसले तर समजायचं की एकतर मुंबईचा टक्का लागलाय नाहीतर घर भाड्याचं दाखवलंय.

कागद हे काढून ठेवा: अलॉटमेंट लेटर (मालकीचं का भाड्याचं ते त्यात स्पष्ट लिहून घ्या), भाड्याचं असेल तर कराराची कॉपी, सामानाची किमतीसकट यादी, आणि भाडं कापल्याच्या सॅलरी स्लिप. चूक सापडली तर एचआरला लेखी मेल करा आणि टीडीएसचं करेक्शन करून सुधारलेला फॉर्म १६ मागा, रिटर्न त्यानंतरच भरा, कारण रिटर्नमधला आकडा आणि फॉर्म १६ जुळला नाही की नोटीस येऊ शकते.