औषधाच्या नावाचं शेपूट: ओलॉल, प्रिल, सार्टन, स्टॅटिन आणि आझोल

औषधाच्या पट्टीवर कंपनीने दिलेलं ब्रँडचं नाव असतं, आणि त्याच्यासोबत आतल्या घटकाचं नाव. ब्रँड डझनभर असतात, घटकाचं नाव मात्र एकच. टेल्मिसार्टन जगात कुठेही घेतलं तरी टेल्मिसार्टनच. या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे शेपूट, हे औषध कोणत्या घराण्यातलं आहे ते सांगतो. त्याला तांत्रिक भाषेत 'स्टेम' म्हणतात.

ही व्यवस्था जागतिक आरोग्य संघटनेची. १९५० मध्ये तिच्या सभेने समान नावांचा ठराव केला आणि १९५३ मध्ये पहिली यादी निघाली. एकाच प्रकारे काम करणाऱ्या औषधांना एकच शेपूट द्यायचं, असं हळूहळू ठरत गेलं. १९९३ च्या ठरावात आणखी एक गोष्ट आली: या शेपटांवरून ब्रँडची नावं बनवू नयेत. कारण उघड आहे. उद्या एखाद्या ब्रँडचंच नाव 'प्रिल'ने संपलं आणि आत दुसरंच काही असलं, तर खुणेला अर्थ उरत नाही.

पण ही शेपटं कुणी एका बैठकीत तर्काने बनवलेली नाहीत. बहुतेक वेळा आधी पहिलं औषध आलं, त्याला नाव मिळालं, आणि मग पुढच्यांनी त्याच नावाचा शेवट उचलला. म्हणून काही शेपटं औषध शरीरात नेमकं कशावर बसतं ते सांगतात, काही फक्त पूर्वजाच्या रसायनाची आठवण ठेवतात, आणि आझोलसारखी काही तर एकट्याने जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

ओलॉल हे पूर्वजाच्या नावाचं शेपूट. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांना हृदयावरचा ॲड्रेनालिनचा परिणाम अडवणारं औषध हवं होतं, म्हणजे हृदयाची प्राणवायूची गरज कमी होऊन छातीतली कळ थांबेल. त्यांचं पहिलं औषध प्रोनेथालॉल. त्याने उंदरांमध्ये गाठी होतात असं दिसल्यावर ते मागे पडलं. १९६४ मध्ये प्रोप्रानोलॉल आलं आणि पुढे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, टिमोलॉल अशी रांग लागली. ओलॉल दिसलं की समजावं, हे पेशींवरच्या बीटा नावाच्या ग्राहीवर, म्हणजे ॲड्रेनालिन जिथे येऊन बसतं त्या जागेवर, बसून ॲड्रेनालिनची वाट अडवतं. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो.

ओलॉल एक महत्त्वाची गोष्ट मात्र सांगत नाही. बीटा ग्राहींचा एक प्रकार मुख्यतः हृदयात असतो आणि दुसरा श्वासनलिकांच्या स्नायूंत. प्रोप्रानोलॉल दोन्ही अडवतं, अटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल मुख्यतः पहिला. शेपूट सगळ्यांचं सारखंच. त्यामुळे दम्याच्या रुग्णाला काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब दिले तर धोका राहतो. थेंबातला काही भाग अश्रूनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळू शकतो. डोळ्याच्या बाटलीवरही शेपूट वाचावं ते याचसाठी. एक फसवं नावही आहे. स्टॅनोझोलॉल ओलॉलने संपतं, पण तो स्नायू वाढवण्यासाठी गैरवापर होणारा स्टेरॉइड आहे. बीटाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रिलची गोष्ट ब्राझीलच्या जराराका सापापासून सुरू होते. १९४९ मध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की या सापाच्या विषाने रक्तातून ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ सुटतो आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. पुढे त्याच देशातल्या सर्जिओ फेरेरा यांनी विषातला असा भाग वेगळा केला, की ज्याने ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढतो आणि टिकतो. हे काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते सोबत घेऊन फेरेरा लंडनला जॉन व्हेन यांच्याकडे गेले आणि तिथे धागा जुळला. विषातले हे रेणू ज्या एन्झाइमला थोपवतात, ते दोन कामं करतं. एकीकडे ते ब्रॅडिकायनिन तोडतं, आणि दुसरीकडे अँजिओटेन्सिन-एकचं अँजिओटेन्सिन-दोन करतं. हे दुसरं रसायन रक्तवाहिन्या जोरात आवळतं. एन्झाइमचं नाव एसीई.

विषातला रेणू पोटातून घेऊन उपयोगाचा नव्हता. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेटी यांनी एसीईच्या मध्यभागी असलेल्या जस्ताच्या अणूला धरेल असा छोटा रेणू बनवला. धरण्यासाठी गंधकाचा, म्हणजे मर्कॅप्टो, गट होता आणि दुसऱ्या टोकाला प्रोलिन हे अमिनो आम्ल. मर्कॅप्टोतून 'कॅप्टो' आणि प्रोलिनवरून 'प्रिल': कॅप्टोप्रिल. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये परवानगी मिळाली. गंधकाच्या गटाने काहींना पुरळ यायचं, तोंडाची चव जायची. एनालाप्रिलमध्ये तो गट काढला, पण शेपूट तसंच ठेवलं. एनालाप्रिल शरीरात गेल्यावर एनालाप्रिलॅट होतं आणि तेच खरं काम करतं. प्रिलच्या मागे 'ॲट' लागला की समजावं, हे तयार, सक्रिय रूप आहे. अपवादही आहेत, जसं लिसिनोप्रिल. त्याला 'ॲट' नाही, पण ते आधीपासूनच सक्रिय असतं.

प्रिलचा सर्वात ओळखीचा त्रास त्या सापाच्या विषाइतकाच जुना आहे. एसीई अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि कोरडा, घशात खवखवणारा खोकला सुरू होतो. त्यात कफ नसतो, ताप नसतो, कफ सिरपने फरक पडत नाही. कित्येकदा महिनोन्‌महिने छातीचे एक्स-रे निघतात आणि पट्टीवरचं प्रिल कुणी वाचत नाही. औषध बंद केल्यावर खोकला सहसा १ ते ४ आठवड्यांत जातो, काहींना ३ महिनेही लागतात. कधीकधी हेच ब्रॅडिकायनिन ओठ, जीभ आणि घसा सुजवतं. तो खोकल्यासारखा किरकोळ प्रकार नाही. श्वास अडू शकतो.

सार्टन हा या खोकल्यावरचा तोडगा ठरला. यात एन्झाइमला हात लावायचा नाही. अँजिओटेन्सिन-दोन बनू द्यायचं, पण ते रक्तवाहिनीतल्या ज्या ग्राहीवर बसतं ती जागा आधीच अडवायची. जपानच्या ताकेदा कंपनीच्या सुरुवातीच्या रेणूंवरून ड्यूपाँटने लोसार्टन घडवलं आणि ते १९९५ मध्ये अमेरिकेत आलं. ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं तुटत राहतं, म्हणून खोकला क्वचितच. प्रिल आणि सार्टन एकाच साखळीवर, दोन वेगळ्या कड्यांवर काम करतात. त्यामुळे काही गोष्टी सारख्याच राहतात: दोन्हींत पोटॅशियम वाढू शकतं, दोन्ही गरोदरपणात नकोत. आणि दोन्ही एकत्र देऊन दुप्पट फायदा होत नाही. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र घेणाऱ्यांना जास्तीचा लाभ दिसला नाही, उलट मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या.

इथे एका अक्षराचा फरक महत्त्वाचा होतो. हृदयाच्या अशक्तपणासाठी आता सॅक्युबिट्रिल आणि वलसार्टन ही एकत्र गोळी दिली जाते. 'ट्रिल' म्हणजे प्रिल नव्हे. ट्रिल नेप्रिलायसिन हे वेगळंच एन्झाइम अडवतं. पण नेप्रिलायसिनही ब्रॅडिकायनिन तोडण्याच्या कामात असतं. प्रिल आणि ट्रिल दोन्ही एकदम शरीरात असले, तर ब्रॅडिकायनिन तोडायचे दोन मोठे रस्ते बंद होतात. ही नुसती भीती नाही. ओमापॅट्रिलॅट हा एकच रेणू दोन्ही एन्झाइमं अडवणारा होता. २५ हजारांहून जास्त रुग्णांच्या ऑक्टेव्ह चाचणीत त्याने २.१७ टक्के लोकांना ओठ-जीभ-घशाची ती सूज आली, एनालाप्रिलवर ०.६८ टक्के लोकांना. औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली नाही.

म्हणून बदल करताना घड्याळ बघावं लागतं. समजा रुग्णाने एनालाप्रिलची शेवटची गोळी सोमवारी सकाळी ८ वाजता घेतली. सॅक्युबिट्रिलची पहिली गोळी ३६ तासांनंतरच, म्हणजे मंगळवारी रात्री ८ च्या आधी नाही. उलट दिशेने जातानाही ३६ तास. रुग्ण आधी टेल्मिसार्टनवर असेल तर इतकं थांबावं लागत नाही, पुढच्या डोसच्या वेळी नवी गोळी सुरू होते. पण टेल्मिसार्टन बंद झालंच पाहिजे, कारण नव्या गोळीत वलसार्टन आधीच आहे. घरी नेहमी घडणारी चूक हीच: नवी पट्टी आली, जुनी डब्यात राहिली, आणि दोन्ही चालू. पट्ट्यांवर ब्रँड वेगवेगळे असल्याने घरच्यांना कळतच नाही की दोन सार्टन चालली आहेत. आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. बोसेंटनमधलं 'एंटन' हे सार्टन नाही, ते एंडोथेलिन या वेगळ्या रसायनाच्या ग्राहीसाठी आहे.

स्टॅटिनचं शेपूट दिसतं तेवढं भरवशाचं नाही. अकिरा एंडो यांनी जपानच्या सांक्यो कंपनीत सुमारे ६ हजार सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम बुरशीतून कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवणारा रेणू काढला. या वर्गातलं पहिलं विकलं गेलेलं औषध लोवास्टॅटिन, १९८७. या वर्गाचं नेमकं शेपूट 'वास्टॅटिन' आहे: ॲटॉर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन. नुसतं 'स्टॅटिन' वाचून फसायला होतं. १९५० च्या सुमारास एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी शोधलेल्या बुरशीनाशकाचं नाव न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन पडलं, आणि कोलेस्टेरॉलशी त्याचं काही नातं नाही. इमिपेनेम या प्रतिजैविकाच्या सोबत येणारं सिलास्टॅटिन मूत्रपिंडातलं वेगळंच एन्झाइम अडवतं.

आझोलबाबत तर 'आझोल' हे शेपूट मानूच नये. तो फक्त नायट्रोजन असलेल्या पाच अणूंच्या कड्याचा उल्लेख आहे. अर्थ सांगतात ती त्याच्या आधीची अक्षरं. कोनाझोल असेल तर बुरशीविरोधी: फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल. प्राझोल असेल तर पोटातलं आम्ल कमी करणारं: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल. निडाझोल म्हणजे अमिबा आणि विशिष्ट जंतूंसाठी, जसं मेट्रोनिडाझोल. बेंडाझोल म्हणजे जंताचं औषध, जसं अल्बेंडाझोल. ट्रोझोल म्हणजे स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन कमी करणारं, जसं लेट्रोझोल. आणि अरिपिप्राझोल हे मानसिक आजाराचं औषध. त्याचं शेपूट 'पिप्राझोल' आहे. आधीचा 'पि' न वाचता ते आम्लाचं समजलं गेलं, तर रुग्णाला भलतंच औषध जातं.

कोनाझोलचं काम समजलं की आणखी एक धोका आपोआप दिसतो. या औषधातला नायट्रोजन बुरशीच्या एका एन्झाइममधल्या लोहाला चिकटतो, त्यामुळे बुरशीला आवरणासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल बनवता येत नाही. पण याच कुळातली, लोह असलेली एन्झाइमं आपल्या यकृतातही आहेत, आणि त्यातलंच एक सिम्वास्टॅटिन मोडतं. इट्राकोनाझोलने ते अडलं की नेहमीचीच सिम्वास्टॅटिनची गोळी रक्तात अनेक पटींनी साचते. मांड्या-खांदे दुखतात, जिना चढताना पायात ताकद राहत नाही, आणि स्नायू विरघळू लागले तर लघवी चहासारखी काळपट होते. म्हणून इट्राकोनाझोलचा कोर्स असेपर्यंत सिम्वास्टॅटिन बंद ठेवतात. रोसुवास्टॅटिन आणि प्रावास्टॅटिन त्या एन्झाइमवर अवलंबून नसल्याने त्यांच्या बाबतीत हा धोका बराच कमी असतो. शेपूट तिघांचंही वास्टॅटिनच.