पलंगालगतचे यूएसबी चार्जिंग सॉकेट

भिंतीतल्या स्विचबोर्डात नेहमीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटशेजारी बसवलेला, वेगळ्या अडॅप्टरशिवाय मोबाईलची केबल थेट लावता येणारा चार्जिंग पॉइंट. मराठवाड्यात नवे घर बांधताना किंवा जुन्या घराचे वायरिंग बदलताना वायरमन तो पलंगाच्या उशाशी सुचवतात. मॉड्युलर प्लेटमध्ये तो एक-दोन स्विचएवढी जागा घेतो.

या छोट्या डबीतच एक पूर्ण चार्जर असतो. २३० व्होल्टच्या एसी विजेचे ती ५ व्होल्ट डीसीत रूपांतर करते. तिची ताकद मागच्या बाजूला छापलेली असते. घेताना तेवढे वाचले तरी पुरते. साध्या चौकोनी पोर्टच्या मॉड्यूलवर बहुधा २.१ किंवा २.४ अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे साडेदहा ते बारा वॉट. दोन पोर्ट असतील, तर हा आकडा प्रत्येकाचा की दोघांचा मिळून, हे विचारून घ्यावे. तो अनेकदा दोघांचा मिळूनच असतो.

लातूरला शिकायला आलेले दोन विद्यार्थी एका खोलीत राहतात आणि एकूण २.४ अँपिअरच्या मॉड्यूलवर रात्री दोघांचेही फोन लावतात, असे समजू. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेतली गळती धरली तर ती भरायला २२-२३ वॉट-तास लागतात. बारा वॉट दोघांत वाटले की प्रत्येकाला सहा मिळतात, म्हणजे रिकामा फोन भरायला जवळजवळ चार तास. शेवटचा टप्पा बॅटरी स्वतःच सावकाश भरून घेते, त्यामुळे थोडा वेळ आणखी जातो. रात्री दहाला लावलेले फोन पहाटे पाचला तयार असतात. एवढ्यापुरते हे सॉकेट उत्तम आहे. पण रात्री वीज जाऊन तीनच तास मिळाली, तर सकाळी दोन्ही फोन अर्धवट राहतात. त्याच तीन तासांत फोनसोबत आलेल्या ३३ वॉटच्या अडॅप्टरवर एक फोन पूर्ण भरून दुसराही लावता आला असता. जिथे भारनियमनाचा भरवसा नाही, तिथे चार्जिंगचा वेग हा चैनीचा प्रश्न राहत नाही.

टाइप-सी पोर्टवर ‘पीडी २० वॉट’ असे लिहिलेले असेल, तर फोन आणि मॉड्यूल आपसांत ठरवून ९ व्होल्टवर जातात आणि काम बरेच लवकर होते. मात्र अनेक कंपन्यांची ६५ किंवा ८० वॉटची चार्जिंग पद्धत फक्त त्यांच्याच अडॅप्टर-केबलच्या जोडीवर पूर्ण चालते. भिंतीतल्या पोर्टवर तोच फोन मुकाट दहा-पंधरा वॉटवर उतरतो. लॅपटॉपसाठी तर हे पोर्ट सहसा अपुरेच असते.

दुसरी मर्यादा उष्णतेची. मे महिन्यात परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. पश्चिमेकडची भिंत रात्रीही तापलेली असते आणि मॉड्यूल तिच्याच आत बंद पेटीत असते. उघड्यावरच्या अडॅप्टरला निदान हवा मिळते. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने दर दहा अंशांनी निम्मे होते, म्हणून अशा भिंतीत हा पॉइंट घेऊच नये. मॉड्यूल बिघडू लागले की फोन चार्ज होता-होता मधेच थांबतो, प्लेट हाताला चटका देते किंवा जळका वास येतो. तेव्हा लगेच वापर बंद करावा.

तिसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. डीपीकडून येणाऱ्या तारेत हा दोष झाला, तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि त्या क्षणी वीजजोडणीत असलेली उपकरणे जळतात. अडॅप्टर काढून ठेवता येतो, जळलाच तर नवा आणता येतो. भिंतीतले मॉड्यूल मात्र चोवीस तास जोडलेले राहते आणि बदलायला वायरमन लागतो. यावर उपाय स्वस्त आहे: मॉड्यूलला स्वतंत्र स्विच द्यावा. पुष्कळ वायरमन जागा वाचवण्यासाठी त्याला थेट फेज देतात, ते करू देऊ नये. नुसते जोडून ठेवल्याने वीजबिल वाढते ही भीती मात्र फोल आहे. रिकामे मॉड्यूल दशांश वॉटच्या आसपास घेत असेल, तर वर्षभरात एक युनिटही होत नाही.

भिंतीतल्या पोर्टचा एक खरा फायदा सहसा सांगितला जात नाही. तो उशाशी असल्याने केबल आखूड पुरते. ५ व्होल्टवर लांब, बारीक केबलमध्ये दाब चटकन घटतो आणि चार्जिंग मंदावते. शिवाय पलंग भिंतीला सरकवताना बाहेर आलेला अडॅप्टर दबून सॉकेट ढिले होते, तेही टळते.

तरीही वरच्या मर्यादा पाहता उशाशी एकच जागा असेल, तर साधे ६ अँपिअरचे सॉकेट घ्यावे. त्यात आजचा आणि पाच वर्षांनंतरचाही अडॅप्टर बसतो. प्लेटमध्ये जागा उरली, तरच शेजारी स्विचसह टाइप-सी मॉड्यूल घालावे.