ताकद भिंतीत असते, पोटात नाही

कोल्हापुरात उद्यमनगरात थ्रीडी प्रिंटवर एखादा ब्रॅकेट करून घ्यायला आलेला माणूस हमखास म्हणतो, “मजबूत पाहिजे, इनफिल ऐंशी टक्के टाका की!” इनफिल म्हणजे वस्तूच्या पोटात भरलेली जाळी. ती दाट केली की ताकद वाढते, हे खरं. पण तेवढंच प्लॅस्टिक बाहेरच्या भिंतीत घातलं, तर बहुतेक वेळा ताकद त्याहून जास्त वाढते.

ब्रॅकेटवर वजन टांगलं की तो वाकू पाहतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते आणि मधल्या पातळीवर ताण जवळपास शून्य असतो. मध्यापासून जितकं लांब जावं तितका ताण वाढतो, शिवाय तरफेचा हातही लांबतो. म्हणजे प्लॅस्टिकचा कण मध्यापासून दुप्पट अंतरावर असेल, तर वाकण्याला चौपट विरोध करतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पोकळ शाफ्ट हलका असूनही भार पेलतो, तो याच तत्त्वावर.

२० मिमी बाजूचा चौकोनी दांडा घेऊ. नोझलमधून पडणाऱ्या प्लॅस्टिकची एक रेघ ०.४५ मिमी रुंद धरली, तर दोन रेघांची भिंत ०.९ मिमी जाड होते. वाकण्याला होणारा विरोध बाजूच्या चौथ्या घातावर ठरतो. २० चा चौथा घात १,६०,०००, तर आतल्या १८.२ मिमी पोकळीचा सुमारे १,०९,७००. वजा केलं की भरीव दांड्याच्या ३१ टक्के विरोध उरतो, आणि त्याला प्लॅस्टिक लागतं फक्त १७ टक्के. चार रेघा केल्या की विरोध ५५ टक्क्यांवर जातो.

चार रेघांची भिंत आणि १५ टक्के इनफिल यांना जेवढं प्लॅस्टिक लागतं, तेवढ्यात दोन रेघांची भिंत आणि ३१ टक्के इनफिल बसतं. इनफिलला त्याच्या वजनाइतकं पूर्ण श्रेय दिलं, तरी पहिला दांडा सुमारे ६२ टक्क्यांवर येतो आणि दुसरा ५३ वर. प्रत्यक्षात फरक याहून मोठा असतो, कारण भिंतीची रेघ दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावते, तर जाळीच्या रेघा सहसा तिरप्या असतात. मधमाशीचं पोळं निसर्गानं घडवलंय म्हणून षटकोनी इनफिल सगळ्यात मजबूत, असं ठासून सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्यांत भार कुठल्या दिशेनं येतो, हे कुणी विचारतच नाही.

एक गोष्ट हमखास विसरते. दांडा आडवा छापला तर वरखालच्या बाजूंना भिंत नसते, तिथे टॉप आणि बॉटम लेअर असतात. १.८ मिमी जाडीसाठी ०.२ मिमीचे नऊ लेअर द्यावे लागतात. स्क्रूच्या छिद्राभोवतीही हीच भिंत असते. ती दोनच रेघांची असेल तर आटे तिला फोडून जाळीत शिरतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो.

इनफिल पूर्ण काढून टाकू नये. भिंत आत दुमडू नये म्हणून तिला आतून आधार लागतो. वस्तू बोल्टनं आवळली जाणार असेल, तर त्या जागी दाट भरावंच. तुकडा सपाट, लेअरच्या रेषेतच सुटला असेल, तर भिंत किंवा इनफिल वाढवण्याआधी वस्तू बेडवर वेगळ्या बाजूवर ठेवून छापावी, म्हणजे ओढ लेअरच्या आडवी न येता रेघांच्या लांबीत येईल.