आपत्कालीन निधी

नोकरी गेली, आजारपण आले किंवा पगार अचानक थांबला, तर कर्ज न काढता रोजचा खर्च चालावा म्हणून वेगळी काढून ठेवलेली रक्कम म्हणजे आपत्कालीन निधी. नव्याने कमावू लागलेल्यांसाठी ‘तीन ते सहा महिने’ हे माप सर्रास सांगितले जाते. पण ते महिने कशाचे, पगाराचे की खर्चाचे, हे बहुधा सांगायचे राहून जाते. ते खर्चाचे असतात, आणि तोही नेहमीचा नव्हे, तर पगार बंद असताना टाळता न येणारा.

हिशेब असा मांडता येतो. हातात येणारा मासिक पगार 100 धरू. त्यातले 28 घरभाड्याला, 14 खाण्यापिण्याला, 6 प्रवासाला, 4 वीज-फोनला, 15 शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याला, 8 आईवडिलांना, 13 हौसमौजेला आणि उरलेले 12 गुंतवणुकीला जातात. नोकरी गेली की हौस आणि गुंतवणूक थांबते, प्रवास निम्म्यावर येतो. भाडे आणि हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही. असा अडचणीचा महिना 72 चा होतो. मालकाने काढलेला आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतःच्या विम्याचे महिन्याला 3 धरले की आकडा 75 वर जातो.

आता महिने किती? आपल्या कामात नवी नोकरी मिळायला साधारण किती वेळ लागतो, हे नुकतीच नोकरी बदललेल्या दोघातिघांना विचारले की कळते. तीन महिने लागतात असे धरू. त्यात एक महिना आणखी मिळवायचा, कारण पगार महिना भरल्यावर हातात पडतो; रुजू झाल्याच्या दिवशी खिसा रिकामाच असतो. हा चौथा महिना हिशेबातून हमखास सुटतो. चार गुणिले 75 म्हणजे 300. घरात दुसरा कमावता असेल तर यापेक्षा कमी चालते; कामे सुटी-सुटी मिळत असतील किंवा कोणी आपल्यावर अवलंबून असेल तर सहा किंवा त्याहून अधिक महिने धरावे लागतात.

गुंतवणुकीचे 12 आणि हौसेतले 8 असे दरमहा 20 बाजूला पडले तर 300 जमायला पंधरा महिने लागतात. पहिला 75 चा टप्पा चौथ्या महिन्यातच गाठला जातो आणि छोट्या अडचणींना तो पुरतो. क्रेडिट कार्डाची मोठी थकबाकी असेल तर या टप्प्यावर थांबून आधी ती फेडणे शहाणपणाचे, कारण तिचे व्याज बचतीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा बरेच जास्त असते.

ठेवायचे कुठे, याची कसोटी एकच: रक्कम न घटता, लागेल तेव्हा हातात यावी. एका महिन्याचे 75 पगाराच्या खात्यापासून वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. उरलेल्या 225 ची एकच मुदत ठेव करण्यापेक्षा 75 च्या तीन केलेल्या बऱ्या. मुदतीपूर्वी ठेव मोडली की व्याज कापले जाते. तीन ठेवी असल्या तर ती कात्री एकीलाच लागते. मात्र काही ठेवी मुदतीआधी मोडताच येत नाहीत, म्हणून ती अट सुरुवातीलाच वाचावी. बँक बुडाल्यास ठेव विम्याचे संरक्षण किती रकमेपर्यंत आहे, हेही पाहावे.

अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणारे लिक्विड किंवा मनी मार्केट फंड हा दुसरा पर्याय. त्यातले पैसे बहुधा कामकाजाच्या पुढच्या दिवशी खात्यात येतात. शुक्रवारी रात्री रुग्णालयात अनामत भरायची असेल तर ते उपयोगाचे नाहीत. शिवाय ते सुरक्षित असले तरी हमीचे नसतात. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर, तिच्या रोख्यांत पैसे असलेल्या अमेरिकेतल्या रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडाचे एक डॉलरचे युनिट 97 सेंटवर आले आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकले.

शेअर या कामाचे नाहीत. मंदीत नोकऱ्या जातात आणि भाव पडतात ते बऱ्याचदा एकाच वेळी, म्हणजे नेमके गरजेच्या दिवसांत तोट्यात विकावे लागते. क्रेडिट कार्डाची मर्यादाही निधीत धरू नये. ती बँकेची मर्जी असते आणि कधीही कमी होऊ शकते. महागाईपुढे हा निधी थोडा झिजतो, ते मान्य करूनच तो ठेवायचा असतो. जास्त व्याजाच्या मोहाने तो हलवत राहणे हाच त्याला लागणारा नेहमीचा रोग.

वापरलेली रक्कम नव्या पगारातून आधी भरून काढायची असते. भाडे वाढले किंवा नवा हप्ता सुरू झाला की 75 चा आकडाही पुन्हा मोजावा लागतो. आणि बचत खाते शक्यतो विश्वासातल्या कोणाबरोबर संयुक्त, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असे असावे. केवळ नॉमिनी म्हणून नाव लावले तर ते खातेदाराच्या मृत्यूनंतरच उपयोगी पडते. तो अतिदक्षता विभागात असताना नाही.