वीस चिंचोके महाग, चाळीस परवडणारे

डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की आमच्याकडे प्रतापनगरला जेवणं आटोपून पत्ते निघतात. आधी रमी असायची, आता भाचरांनी पोकर आणलाय. पैसे लावायचे नाहीत हा घरचा नियम, म्हणून चिंचोक्यांवर खेळतो. परवाच्या एका डावात भाचा ज्या हिशोबावर अडून बसला, तो हिशोब नव्याने पोकर शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा तिथेच चुकतो. म्हणून तो एकच डाव नीट उलगडून बघू.

आम्ही खेळतो त्या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि मधे सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात. आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. हातातले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, तो मधला ढीग, म्हणजे पॉट, उचलतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. समोरच्याने चिंचोके लावले की तेवढेच टाकून पुढे जायचं, म्हणजे कॉल करायचा, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

भाच्याच्या हातात बदामची राणी आणि बदामची अठ्ठी होती. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची तिर्री आणि किलवरची सत्ती आली. म्हणजे चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. पॉटमध्ये ४० चिंचोके होते. त्याच्या ताईने २० लावले. सगळ्यांना वाटत होतं की तिच्याकडे राजाची जोडी आहे, आणि ती होतीच. भाच्याने क्षणभरही न थांबता कॉल केला. "मावशी, पस्तीस टक्के आहेत गं, काहून सोडू?"

आधी किंमत बघू. पॉटमध्ये ४० होते, ताईचे २० पडले, भाच्याचे २० पडल्यावर एकूण ८० होणार. त्या ८० मधले २० त्याचे, म्हणजे पाव भाग. हेच पॉट ऑड्स. अशा कॉलमध्ये शंभरातल्या किमान पंचवीस वेळा जिंकलो तर बरोबरी होते, त्याच्या वर फायदा. इथे नवखे लोक एक गफलत करतात. ते २० ला समोरच्या ६० ने भागतात आणि तेहतीस टक्के धरतात. आपण टाकणार ते चिंचोकेही जिंकल्यावर आपल्याकडेच परत येतात, म्हणून भागताना तेही ढिगात मोजायचे.

आता जिंकण्याची शक्यता. बावन्न पत्त्यांपैकी भाच्याला पाच दिसतात, दोन हातातले आणि तीन मधले. न दिसणारे ४७. त्यातले काही ताईच्या हातात असतील, पण कुठले ते त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने सगळे ४७ सारखेच. एकूण बदाम तेरा, चार दिसले, नऊ उरले. आपलं काम करणाऱ्या अशा पत्त्यांना आउट्स म्हणतात. टर्नला बदाम येण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे सुमारे १९ टक्के.

टर्न आणि रिव्हर मिळून किमान एक बदाम येण्याची शक्यता काढायची तर ४७ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या मोजायच्या. अशा जोड्या १०८१ होतात. त्यातल्या ७०३ जोड्यांमध्ये एकही बदाम नाही. उरलेल्या ३७८ मध्ये एक तरी आहे. ३७८ भागिले १०८१ म्हणजे ३५ टक्क्यांना अगदी किंचित कमी. भाच्याचे पस्तीस टक्के इथून आले. टेबलावर बसून कोणी जोड्या मोजत नाही. एकच पत्ता यायचा असेल तर आउट्सना दोनने गुणायचं, दोन यायचे असतील तर चारने. नऊ आउट्सचे अठरा आणि छत्तीस येतात, आणि एवढ्या जवळच्या आकड्यावर काम भागतं. आउट्स खूप असले तर मात्र चारने गुणणं फुगवून सांगतं. पंधरा आउट्सना साठ टक्के येतात, खरे चोपन्न असतात.

डाव संपायच्या आत पॉटमधला आपला जो सरासरी वाटा, त्याला इक्विटी म्हणतात. हा विचार पोकरपेक्षा जुना आहे. खेळ अर्धवट मोडला तर लावलेली रक्कम दोघांत कशी वाटायची, या प्रश्नावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया तिथे पडला. पुढे काय काय घडू शकतं ते सगळं मोजा आणि त्या प्रमाणात वाटा द्या, हे त्यांचं उत्तर. भाच्याचा फ्लश लागला की तो जिंकतो, नाही लागला की हरतो असं धरलं, तर फ्लॉपवर त्याचा वाटा साधारण पस्तीस टक्के होता. त्यामुळे आकडा खोटा नव्हता, पण त्या २० चिंचोक्यांना तो लागू नव्हता.

पस्तीस टक्के हे दोन पत्ते बघण्याचे आहेत. वीस चिंचोके देऊन त्याला एकच पत्ता दिसणार होता. बर्डीहून प्रतापनगरचं भाडं ठरवून ऑटोत बसावं आणि लक्ष्मीनगरच्या चौकात ऑटोवाल्याने पुन्हा तेवढंच मागावं, तसा हा प्रकार. फ्लॉपवरच्या कॉलची खरी तुलना अशी होती: लागणार पंचवीस टक्के, मिळणार एकोणीस.

आणि झालंही तसंच. टर्नला चौकटची दश्शी आली, भाच्याच्या काहीच कामाची नाही. पॉटमध्ये आता ८० होते. ताईने ४० लावले. भाच्याला कॉल करायला ४० हवेत, ढीग होणार १६०, म्हणजे पुन्हा पंचवीस टक्के हवेत. आता न दिसलेले पत्ते ४६ आणि त्यात बदाम नऊच. म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. त्याने पुन्हा तेच पस्तीस टक्के सांगितले आणि ४० टाकले.

हाच प्रसंग ४६ वेळा आला आणि ४६ पैकी प्रत्येक पत्ता एकेकदा उघडला असं समजू. नऊ वेळा बदाम येईल आणि दरवेळी समोरचे १२० मिळतील, एकूण १०८०. सदतीस वेळा काहीच येणार नाही आणि दरवेळी ४० जातील, एकूण १४८०. चारशेचा खड्डा. दर कॉलमागे जवळपास नऊ चिंचोके.

आता हाच डाव थोडा वेगळा समजा. फ्लॉपवर ताईकडे सगळे मिळून ४० चिंचोकेच उरले असते आणि तिने ते सगळे एकदम लावले असते, म्हणजे ऑल-इन, तर? भाच्याला २० ऐवजी दुप्पट ४० द्यावे लागले असते. ढीग १२० चा झाला असता, म्हणजे तेहतीस टक्के हवेत. पण ताईकडे लावायला काही उरलंच नसल्यामुळे टर्न आणि रिव्हर दोन्ही त्याच किमतीत दिसले असते. इथे पस्तीस टक्के खरोखर लागू होतात. पस्तीस हे तेहतीसपेक्षा थोडे जास्त, म्हणून कॉल बरोबर. फायदा सरासरी दोनेक चिंचोक्यांचाच, पण फायदाच. नवख्याला मोठी बोली घाबरवते आणि छोटी मोहात पाडते. हेच पत्ते, हाच फ्लॉप, आणि तरी नुसत्या पॉटच्या हिशोबाने २० चा कॉल तोट्याचा होता, ४० चा फायद्याचा झाला असता. आपण दिलेल्या किमतीत किती पत्ते दिसणार, एवढ्याचाच हा फरक.

पहिल्या कॉलच्या बाजूने एक म्हणणं मांडता येतं आणि ते मला मान्य आहे. फ्लश लागल्यावर पुढच्या बोलीत ताई आणखी चिंचोके देईल, ते आत्ताच्या ढिगात दिसत नाहीत. याला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. पण त्याचाही हिशोब होतो. फ्लॉपवर २० च्या कॉलची बरोबरी व्हायला बदाम आल्यावर दरवेळी सरासरी ८४ मिळायला हवेत. समोर ६० आहेत, म्हणजे अजून चोवीस-पंचवीस ताईकडून निघाले पाहिजेत. ते शक्य आहे. टर्नवर ४० चा कॉल सांभाळायला मात्र १६४ हवेत, समोर १२०, म्हणजे आणखी ४५ च्या आसपास. ताईकडे तेव्हा फक्त ३० उरले होते. तिने डोळे मिटून शेवटचा चिंचोका दिला असता तरी ४५ भरत नाहीत. शिवाय मधे तिसरा बदाम पडलेला सगळ्यांनाच दिसतो आणि राजाची एक जोडी घेऊन बसलेला माणूस तिथे हात आखडता घेतो. दुसरा कॉल कुठल्याच बाजूने वाचत नाही.

आउट्स मोजतानाही एक खाच असते. नऊ बदाम धरले ते समोर एकच जोडी आहे असं मानून. ताईकडे इस्पिकची आणि चौकटची सत्ती असती तर? मधल्या किलवरच्या सत्तीबरोबर तिच्या तीन सत्त्या झाल्या असत्या. मग रिव्हरला बदामची दश्शी आली की भाच्याचा फ्लश होतो खरा, पण मधे दोन दश्श्या झाल्यामुळे ताईचा फुल हाउस, म्हणजे तीन सारखे आणि दोन सारखे, बनतो आणि तो फ्लशच्या वर आहे. बदामची सत्ती आली तर तिच्या चार सत्त्या. नऊपैकी दोन आउट्स असे उलटतात, उरतात सात, आणि एकोणीस टक्क्यांचे पंधराच होतात. समोरचा माणूस जोडी खेळतोय की तीन सारखे, याचा अंदाज त्याच्या बोलीवरूनच बांधावा लागतो. ते काम गुणाकाराने होत नाही.

त्या रात्री रिव्हरला बदामची पंजी आली. भाचा उडालाच, "बघ, आलाच ना!" ताईने राजा आणि गुलाम उघडे टाकले आणि चिंचोके सरकवले. एका पत्त्यावरून वाद मिटणारा नव्हता, म्हणून मी त्याला पत्ते हातात दिले. ज्याला शंका असेल त्याने घरी करून बघावं. ते सहा पत्ते बाजूला काढा: बदामची राणी, अठ्ठी, राजा, तिर्री, किलवरची सत्ती, चौकटची दश्शी. उरलेले ४६ चांगले पिसा, एक उघडा, बदाम आहे का ते लिहा, परत घालून पुन्हा पिसा. शंभर वेळा केलं तर वीसच्या आसपास बदाम निघतील. नेमके वीस निघतील असं नाही, बारापासून अठ्ठावीसपर्यंत काहीही निघणं साधारण आहे. पस्तीस निघाले तर आधी गठ्ठा मोजून बघा, काही पत्ते कमी असतील किंवा पिसणं नीट झालेलं नसेल. आणि दहाच वेळा करून थांबलात तर चार बदामही सहज निघतील. भाच्याला एवढ्यातच पस्तीस टक्के सिद्ध झाल्यासारखे वाटतील, म्हणून त्याला शंभर पूर्ण करायला लावलं.